पेटी पाठवू की थांबवू?

देवगडचे एक बागायतदार वेबसाइटवरून हापूस विकतात. ऐन एप्रिलात नऊ गिऱ्हाइकांचे पैसे एकदाच कापले गेले आणि पेट्या मात्र दोन-दोन गेल्या. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, हे वेगळं सांगायला नको. बागायतदारांनी आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. संध्याकाळी स्टेटस मेल आला: 'वेबहूक रिट्रायमुळे आयडेंपोटन्सी इश्यू आढळला आहे. आरसीए चालू आहे.' आढळला! जणू बागेत फिरताना पायाखाली आला. बागायतदारांनी एका ओळीत विचारलं, 'उद्याच्या पेट्या पाठवू की थांबवू?'

सॉफ्टवेअर कंपनीच्या साहेबांनी टीमला बजावलं, जरा सोपं लिहा. मग दुसरा मेल गेला: 'काका, अगदी सोप्या भाषेत सांगतो. समजा, एक पोस्टमन आहे...' हा पोस्टमन चार परिच्छेद चालला, मध्ये त्याची सायकलही पंक्चर झाली. काकांची हयात वाशीच्या दलालांशी हिशेब करण्यात गेली. पोच म्हणजे काय, हे त्यांना पोस्टमनकडून शिकायचं नव्हतं.

घडलं होतं ते असं. पैसे जमा झाले की पेमेंट कंपनीचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला निरोप पाठवतो आणि काही सेकंदांत पोच मागतो. दुकानाचा प्रोग्राम ऑर्डर नोंदवून आधी बिल बनवायचा, ते गिऱ्हाइकाला मेल करायचा आणि मग सवडीने पोच द्यायचा. हंगामाच्या गर्दीत पोचेला उशीर झाला, म्हणून तोच निरोप पुन्हा आला. हे पेमेंट आधी नोंदलंय का, हे प्रोग्राम बघतच नव्हता. त्याने दुसरी ऑर्डर लावली.

तिसरा मेल टेस्टिंगच्या मुलीने लिहिला: 'चूक आमच्या प्रोग्रामची आहे. एकच पेमेंट दोनदा नोंदलं गेलं. कोणाचेही पैसे जास्त कापलेले नाहीत. नऊ जणांची यादी सोबत आहे. आज रात्री दुरुस्ती होईल. मग पेमेंटचा नंबर तपासूनच ऑर्डर लागेल. उद्या पेट्या पाठवा, फक्त भरण्याआधी एकच पेमेंट नंबर ऑर्डरच्या यादीत दोनदा नाही ना, तेवढं बघा. गेलेल्या पेट्या सॉफ्टवेअरने परत येणार नाहीत. भरपाईचं बोलायला उद्या अकराला फोन करते.'

साहेबांनी मेल वाचला, 'छान' म्हणाले आणि दोनच वाक्यं खोडली: चूक कबूल करणारं आणि भरपाईचं. जड शब्द लिहिणाऱ्याला सोपे शब्द येत नाहीत, हा आपला भाबडा समज. सोप्या शब्दांत लिहिलं की चूक कोणाची आणि पैसे कोण देणार, हेही त्याच ओळीत लिहावं लागतं, खरी अडचण ती आहे.

तेव्हा साहेब, ती दोन वाक्यं परत घाला. तसंही बागायतदारांनी नऊ पेट्यांचं बिल तुमच्या नावाने फाडलंय.