विषय : आनंदाने साजरा करणेबाबत

तासगाव तालुक्यातल्या एखाद्या शाळेत उत्साही बाईंनी वहीच्या पानावर आराखडा लिहून दिला आहे असे धरू : ‘७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिवस. सकाळी मुलांची फेरी, मग बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाची गोष्ट, निबंध, शेवटी सगळ्यांना चिक्की. माईक गणिताच्या सरांच्या घरून.’ हा कागद वाचताक्षणी कळतो. म्हणूनच तो दप्तरी ठेवायच्या लायकीचा नाही. त्याचे परिपत्रक करावे लागेल.

आधी विषय. त्यात क्रियापद संपता कामा नये : ‘विद्यार्थी दिवस साजरा करणेबाबत.’ ‘करूया’ लिहिलेत तर लोक खरेच येतील. मजकुरात फेरीची ‘प्रभातफेरी’ होते, चिक्कीचा ‘अल्पोपाहार’ होतो आणि बाई स्वतः ‘संबंधित वर्गशिक्षक’ होतात. माईक कुठल्याच रकान्यात बसत नाही, तो गळतो.

संदर्भात शासन निर्णय हवा. हा दिवस पाळायचे राज्य शासनाने २०१७ साली ठरवले. निर्णयाचा अठरा अंकी सांकेतांक नुसता उतरवून घेऊ नका. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ते जुळले नाहीत तर तुम्ही शेजारच्या शाळेचे परिपत्रक नकललेले आहे, आणि त्या शाळेनेही तेच केलेले आहे.

खरी कसोटी जावक क्रमांकाची. परिपत्रक ३ तारखेला निघायला हवे होते, आठवण ६ ला झाली. जावक रजिस्टरात ४६ वर सहलीचे पत्र, ४७ वर गॅसची मागणी, मध्ये जागा नाही. अशा वेळी ‘४६/अ’ टाकतात. तपासणीला आलेले साहेब नेमके याच ‘अ’वर बोट ठेवतात, कारण त्यांच्या कार्यालयातही तो असतो.

सही उजवीकडे, खाली कंसात नाव, पद, शाळा. डावीकडे ‘प्रत माहितीसाठी’. शिक्का सहीला जरा चाटून जावा, नाव झाकू नये. आणि सही एकटीच दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नका, मजकुराच्या दोन ओळी तरी सोबत धाडा. नाहीतर कोऱ्या पानावरची सही म्हणजे कोणालाही काहीही लिहायची मुभा.

क्रमांक आणि सही यांना हसू नये, असेही एक उदाहरण आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्यातल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरातला क्रमांक १९१४, समोर त्याची सही. ना विषय, ना संदर्भ. तरी आज सगळी परिपत्रके त्याच नोंदीमुळे निघतात.

दिवाळीची सुट्टी तेवढी पाहून घ्या. २०१८ साली ७ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होते.

शिपाईमामा सूचनावही फिरवून सगळ्यांच्या सह्या घेऊन आले, की काम झाले. फक्त बाईंचे ते पान फाडू नका. माईक कोणाकडे आहे, हे तेवढ्यावरच लिहिलेले आहे.