रक्कम सांगा, तारीख सांगा

पगार कमी जमा झाला की कारखान्याच्या सूचना फलकावर एक ठरलेला कागद लागतो. 'तांत्रिक अडचणीमुळे काही कर्मचाऱ्यांच्या वेतनात तफावत आढळून आली आहे. याबाबत लवकरच योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे.' खाली शिक्का. नाव कुणाचंच नाही. आपले किती पैसे राहिले आणि ते कधी मिळणार, हे हा कागद वाचून एकाही माणसाला कळत नाही. कामगाराला तर त्या दिवशी फक्त या दोनच गोष्टी कळायला हव्या असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या बाजूचा एक मध्यम कारखाना आहे. जून महिन्यात एका गेटवरचं पंचिंग मशीन १८, १९ आणि २० तारखेला बंद पडलं. सुरक्षारक्षकाने रजिस्टरवर सह्या घेतल्या, पण ते रजिस्टर गेटवरून पगार विभागापर्यंत पोचलंच नाही. सॉफ्टवेअरला पंच दिसले नाहीत, म्हणून त्याने तीन खाडे लावले. एकूण ८४ जणांना. १ जुलैला पगार जमा झाला आणि दुसऱ्या शिफ्टला लोक मोबाइल हातात धरूनच टाइम ऑफिसपुढे उभे राहिले.

ही चूक पैसे बँकेत जाण्याआधी दिसायला हवी होती. एकाच गेटवरच्या ८४ माणसांना एकाच तीन तारखांचे खाडे पडत नाहीत. पगाराची फाइल बँकेला पाठवण्याआधी मागच्या महिन्याचे आणि या महिन्याचे खाडे खातेनिहाय शेजारी शेजारी ठेवले असते तर अर्ध्या तासात हे उघड झालं असतं. ते कुणी पाहिलं नाही, आणि माफीत हे स्पष्ट यायला हवं. मशीन बंद पडलं ही अडचण झाली. रजिस्टर न तपासता पगार सोडला, ही माणसांची चूक आहे. मशीनवर ढकललेली माफी कामगार मान्य करत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

आता रक्कम. इथे बहुतेक कंपन्या घाई करतात आणि दुसऱ्यांदा चुकतात. आपल्या उदाहरणातल्या एका कामगाराचा पगार २४,००० रुपये आहे. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, बाकीचे ९,००० घरभाडं वगैरे. कंपनी तीसने भागते असं धरू (काही ठिकाणी २६ने भागतात, तिथे आकडा वेगळा येईल). एका दिवसाचे ८००, तीन दिवसांचे २,४००. म्हणून नोटीस लिहिणारा '२,४०० रुपये मिळतील' असं लिहून मोकळा होतो. पण कामगाराच्या खात्यात तितके येणार नाहीत. पूर्ण महिन्याचा पीएफ १५,०००वर बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये. सत्तावीस दिवसांचा १३,५००वर कापला गेला तो १,६२०. फरक देताना राहिलेले १८० रुपयेही कापले जाणार. हातात २,२२० येणार.

हे १८० रुपये आधी सांगितले नाहीत तर काय होतं? फरक जमा होतो, कामगार पाहतो की पुन्हा कमी आले, आणि आता कंपनीवर कुणाचाच विश्वास राहत नाही. आधी एक वाक्य पुरलं असतं. तेवढंच कंपनीच्या बाजूचंही आहे. तिच्या वाट्याचा पीएफही १८० रुपयांनी कमी पडला आहे. जूनचा पीएफ १५ जुलैपर्यंत भरायचा असतो. त्याआधी दुरुस्ती झाली तर पूर्ण रक्कम एकदमच भरता येते. विवरण आधीच भरून झालं असेल तर पुरवणी भरावी लागते. कामगाराच्या पासबुकात हे दोन्ही वाटे दिसेपर्यंत दुरुस्ती पूर्ण झाली असं म्हणू नये.

आणि आता या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट सवय: 'पुढच्या पगारात ॲडजस्ट करू.'

का बरं? चुकून जास्त पगार गेला तर तोच पगार विभाग दोन दिवसांत फोन करून वसुलीचं बोलतो. कामगाराचे पैसे कंपनीकडे अडकले की मात्र एक महिना थांबायचं? 'बँकेला सुट्टी आहे' हे कारणही आता चालत नाही. डिसेंबर २०१९पासून एनईएफटी चोवीस तास चालते, रविवारी आणि सणालाही. ८४ खात्यांची वेगळी फाइल करायला आणि दोन सह्या घ्यायला एक दिवस खूप झाला.

कायदाही कंपनीच्या बाजूने नाही. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्यानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. त्याआधीच्या १९३६च्या कायद्यात हजारापेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला सात आणि मोठ्या कारखान्याला दहा तारखेपर्यंत मुभा होती. आणि जो माणूस कामावर होता त्याचा खाडा कापणं म्हणजे विनापरवाना कपात. गैरहजेरीसाठी पैसे कापता येतात, हजर माणसाचे नाहीत. संहितेखाली कामगार तीन वर्षांपर्यंत दावा करू शकतो आणि प्राधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. चूक १ जुलैला कळली असेल तर ७ जुलैच्या आत पैसे देणं ही मेहेरबानी नाही.

मग तारखा कशा ठरवायच्या? उलट्या बाजूने. सात तारीख शेवटची. म्हणून पैसे सहाला जमा झालेच पाहिजेत. त्यासाठी फाइल पाचला बँकेत जायला हवी. त्यासाठी गेटचं रजिस्टर आणि सुपरवायझरच्या शिफ्टनोंदी चारपर्यंत जुळवून झाल्या पाहिजेत. एवढं पगार विभागाशी बोलून पक्कं केल्यावरच तारीख जाहीर करावी. तपासल्याशिवाय 'उद्या देतो' म्हणणाऱ्या मॅनेजरने अजून एकही पगार वेळेवर आणलेला नाही.

एक अडचण खरी आहे, ती लपवू नये. ८४ जणांतले काही जण त्या तीन दिवसांत एखादा दिवस खरोखरच आले नसतील. समजा, ७९ जणांच्या सह्या स्पष्ट आहेत आणि पाच जणांच्या नोंदी जुळत नाहीत. तर ७९ जणांना त्या पाचांसाठी थांबवू नये. पाच जणांना स्वतंत्र बोलवावं, सुपरवायझरच्या समोर नोंद पाहावी, आणि त्यांनाही सात तारखेच्या आत काय ते सांगावं. निर्णय विरुद्ध गेला तर कोणत्या दिवसाचा खाडा राहिला, हे लेखी द्यावं.

आता नोटीस. ती मोठी लागत नाही. मी असं लिहीन:

'जून महिन्याचा तुमचा पगार आम्ही कमी दिला. १८ ते २० जून या तीन दिवसांत गेट क्रमांक २वरचं पंचिंग मशीन बंद होतं. तुम्ही रजिस्टरवर सह्या केल्या होत्या, पण पगार करताना आम्ही ते रजिस्टर पाहिलं नाही आणि तुम्हाला खाडे लावले. तुम्ही कामावर होता. चूक आमची आहे आणि त्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. ज्यांचा पगार कमी आला आहे त्या प्रत्येकाला आज रात्री आठच्या आत स्वतःच्या फरकाची रक्कम मेसेजने कळवू. पीएफची कपात वजा करून हातात किती येतील तेही त्यात असेल. पैसे ६ जुलैला दुपारी दोनच्या आत खात्यात जमा होतील. दुरुस्त पगार स्लिप ७ जुलैला मिळेल. ज्यांची नोंद जुळत नसेल त्यांना ४ जुलैला आम्ही स्वतः भेटू. कमी पगारामुळे तुमचा हप्ता परत गेला असेल तर बँकेचा दंड कंपनी भरेल, खात्याचा उतारा आणा. रोज सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा मी टाइम ऑफिसमध्ये बसेन.'

खाली नाव, हुद्दा, फोन नंबर आणि सही. एचआर प्रमुखाची स्वतःची.

प्रत्येकाची रक्कम फलकावर लावू नये. कुणाचा पगार किती हे शेजाऱ्याला कळायचं कारण नाही. फलकावर कारण आणि तारखा, मोबाइलवर रक्कम. आणि हा कागद २ जुलैला पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी लागला पाहिजे. रक्कम पक्की व्हायच्या आत चूक मान्य करता येते. रक्कम रात्रीपर्यंत येईल असं सांगितलं की लोक थांबतात. काहीच न सांगता संध्याकाळ काढली की मग काही सांगूनही उपयोग नसतो.

हप्त्याचं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. ते कंपन्यांच्या नोटिशीत जवळजवळ कधीच नसतं. पगार एक तारखेला येणार म्हणून कामगाराने दुचाकीचा किंवा घराचा हप्ता तीन किंवा पाच तारखेला लावलेला असतो. २,२२० रुपये कमी पडले म्हणून हप्ता परत गेला, तर खात्याची बँक वेगळा दंड लावते आणि कर्ज देणारी कंपनी वेगळा. दोन्ही दंड कामगाराला चुकीशी काही संबंध नसताना बसतात. ते भरून देणं हा माफीचाच भाग आहे. सोबत कर्ज देणाऱ्या कंपनीच्या नावे एक पत्रही द्यावं, की पगार आमच्या चुकीने कमी गेला होता. ते पत्र घेऊन कामगार दंड माफ करून मागू शकतो.

आणि ठेकेदाराची माणसं. त्याच गेटवरून तीही आत येतात, त्याच मशीनवर बोट ठेवतात आणि त्यांनाही तेच तीन खाडे लागतात. पण त्यांच्याकडे ना कंपनीचा ईमेल, ना एचआरचा नंबर. ठेकेदार म्हणतो कंपनीकडून हजेरी अशीच आली. कंपनी म्हणते तुमचा पगार ठेकेदार देतो. ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि ही तरतूद आजची नाही, १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होती. म्हणून २ जुलैच्या त्याच कागदावर एक वाक्य हवं: 'ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या ज्यांना या तीन दिवसांचे खाडे लागले, त्यांची दुरुस्त हजेरी आम्ही ४ जुलैला ठेकेदाराला देऊ आणि ७ जुलैपर्यंत पैसे मिळाले की नाही हे स्वतः तपासू.' हा कागद मराठीत आणि हिंदीत हवा. तो गेटवर लावावा आणि शिफ्ट बदलताना सुपरवायझरने उभं राहून मोठ्याने वाचून दाखवावा.