पेमेंटला अंधार, रिसीटला उजेड

माउसला हात न लावता टॅलीत नोंदी करणारा माणूस हा खरा हिशेबनीस आणि बाकीचे सगळे गिऱ्हाईक, असा आम्हा बोटबहाद्दरांचा पक्का समज असतो. पेमेंटला F5, रिसीटला F6, विक्रीला F8, खरेदीला F9. राणीसावरगावच्या एखाद्या आडत दुकानात सोयाबीनच्या पट्ट्या लिहिताना ही ऐट फार शोभते. लॅपटॉप नवा आला की मात्र ती उतरते. थिंकपॅड घ्या. तिथे याच F5 वर पडदा मंद करण्याचं आणि F6 वर तो उजळण्याचं काम बसवलेलं असतं. म्हणजे पैसे द्यायला गेलं की अंधार आणि पैसे आले की उजेड! व्यापाऱ्याच्या मनाचं इतकं अचूक चित्र काढणारा तो अभियंता निश्चितच एखाद्या पेढीवर वाढला असावा. F1 तर आवाजच बंद करतो. उधारीची नोंद करताना हे सोयीचंच म्हणायचं.

कोणी म्हणेल, बहुतेक लोक लॅपटॉपवर गाणीच ऐकतात, मग आवाज-उजेडाला पहिला मान का नको? मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच माझं भांडण त्या मानाशी नाही. भांडण आहे ते अदलाबदलीची किल्ली लपवण्याशी. थिंकपॅडवर Fn धरून Esc दाबला की वरची रांग पलटते, पुन्हा तेच केलं की पूर्ववत होते. Esc वर कुलपाचं बारीक चित्र असतं, त्याचा दिवा लागला की F5 म्हणजे F5. खात्री करायची असेल तर ब्राउझरमध्ये F5 दाबावा: पान पुन्हा उघडलं तर कुलूप लागलं, पडदा मंदावला तर नाही. एखाद्याच नोंदीपुरतं Fn आणि F5 एकत्र दाबलं तरी भागतं.

‘मग विंडोजच्या सेटिंगमध्ये शोधायचं की!’ असं म्हणणाऱ्यांची दमछाक ठरलेली आहे, कारण Fn ची ही मखलाशी बहुधा कीबोर्ड सांभाळणारी वेगळी चिप करते. विंडोजला फक्त निकाल कळतो. म्हणून काही यंत्रांत थेट बायोसमध्ये जावं लागतं. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर सुरू होतानाच F10 दाबून System Configuration मधलं Action Keys Mode बंद करायचं. बाहेरून जोडलेल्या कीबोर्डला मात्र हे कुलूप लागू नाही, त्याचं Fn त्याच्यापाशी.

खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. पेढीवर नव्याने लागलेल्या पोराचा पडदा काळवंडतो तेव्हा तो कंपनीला दोष देत नाही, ‘आपल्यालाच येत नाही’ म्हणतो. आणि आम्ही बोटबहाद्दर त्याला ते दोन बटणांचं रहस्य सांगण्याआधी जरा घसा खाकरतो. गुरू म्हणवून घेण्याची इतकी स्वस्त संधी दुसरीकडे कुठे मिळणार!