सहावीतली गोळी दुसरीत कशी गेली?

अहो, ऐकलंत का? लेखणीवाल्या मंडळींना हल्ली नवीन नाद लागलाय. मजकूर लिहायचा, संगणकाला दाखवायचा आणि तो किती ‘इयत्तेचा’ आहे ते विचारायचं! सहावीचा निघाला तर चेहरा पडतो, दुसरीचा निघाला की पेढे वाटायचे तेवढे बाकी. अमेरिकी औषध कंपन्यांची इंग्रजी पत्रकं इकडे बसून लिहिणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका कन्येच्या तोंडी तर दिवसभर ‘ग्रेड खाली आली का?’ एवढं एकच.

हे खूळ आजचं नाही बरं का. रुडॉल्फ फ्लेश नावाच्या गृहस्थांनी १९४८ साली सुगमतेचं सूत्र काढलं. पुढे १९७५ साली किनकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी त्यातून इयत्ता सांगणारं सूत्र बसवलं. यात मोजतात काय, तर दोनच गोष्टी. वाक्यामागे सरासरी शब्द किती, त्याला ०.३९ ने गुणा. शब्दामागे सरासरी उच्चारखंड किती, त्याला ११.८ ने गुणा. बेरजेतून १५.५९ वजा करा. झाली इयत्ता! अर्थाचा संबंध कुठे आला? कुठेच नाही!

आता त्या कन्येच्या पत्रकातलं एक वाक्य बघा. ‘या गोळीने पोट बिघडू शकतं, म्हणून ती पोटभर जेवल्यावरच घ्या’, अशा अर्थाचं सोळा शब्दांचं इंग्रजी वाक्य, उच्चारखंड एकवीस. सूत्र म्हणालं, इयत्ता ६.१. बाईंनी काय करावं? इंग्रजीतलं ‘बिकॉज’ उडवलं आणि वाक्याचे दोन तुकडे केले. ‘या गोळीने पोट बिघडू शकतं. ती पोटभर जेवल्यावरच घ्या.’ पंधरा शब्द, एकोणीस उच्चारखंड, इयत्ता २.३. एका पूर्णविरामात चार वर्गांची घसरण! ऑफिसात टाळ्या.

पण पेशंटचं काय? आधीच्या वाक्यात धोका आणि उपाय हातात हात घालून उभे होते. आता पहिल्या पूर्णविरामापाशी नुसता धोका उभा आहे. घाबरट माणूस तिथेच गोळी खाली ठेवणार. दुसरं वाक्य वाचलंच, तरी जेवणाचा पोटाशी काय संबंध, ते त्याचं त्यानेच जुळवायचं. वाक्य आखूड झालं आणि जोडणीची मेहनत लेखकाकडून वाचणाऱ्याच्या डोक्यावर गेली. म्हणजे मजकूर सोपा झाला की अवघड?

याहून गंमत पुढेच आहे. ते पहिलं सोळा शब्दांचं वाक्य शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत उलटं लिहा. डोकं-शेपूट काही कळणार नाही, पण शब्द तेवढेच, उच्चारखंड तेवढेच, इयत्ता पुन्हा ६.१! शिवाय एका उच्चारखंडाचा ‘टॉर्ट’ हा कोर्टातला शब्द या सूत्राला सोपा वाटतो आणि पोराटोरांना ठाऊक असलेला ‘टेलिव्हिजन’ अवघड.

तरी फ्लेश-किनकेडला शिव्या घालू नका. अवघड मजकुरात सहसा लांब वाक्यं आणि लांब शब्द असतात, एवढं त्यांनी पाहिलं, आणि ते खरं आहे. शंभर पत्रकांच्या ढिगातून संशयित कोणती ते हुडकायला सूत्र झकास. चूक होते ती उलट्या दिशेने जाण्यात. कुकरच्या शिट्ट्यांवरून डाळ शिजल्याचा अंदाज बांधतात, पण शिट्टी चमच्याने उचलून वाजवली म्हणून कच्ची डाळ शिजते का?

आणि आता मराठीतही हेच सूत्र लावायची हौस आलीय म्हणे! लावा की. ‘शाळेसमोरच्या झाडाखाली मुलं खेळतात.’ चार शब्द, बोलताना तेरा उच्चारखंड. हिशेब करा, इयत्ता येते २४.३! बालवाडीतलं पोर म्हणेल ते वाक्य, आणि सूत्राच्या मते पीएचडीवालाही कच्चा. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, इंग्रजीत ती वेगळी उभी राहतात. इंग्रजीसाठी बसवलेले आकडे मराठीला कसे लागू पडणार?

बरं, मग कळायचं कसं? विल्सन टेलर यांनी १९५३ साली एक साधी युक्ती सांगितली होती. मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांनाच तो भरायला द्यायचा. भरता आला तर समजलं. तेवढा वेळ नसेल तर पत्रक एखाद्या आजींच्या हाती द्या आणि विचारा, ‘आजी, ही गोळी केव्हा घ्यायची? आणि का?’ त्या दुसऱ्या प्रश्नाला अडखळल्या, तर कृपा करून ते ‘म्हणून’ परत घाला, इयत्ता सहावी झाली तरी चालेल.