काळजी नसावी

एकटीने प्रवासाला निघालेल्या मुलीने घरच्या ग्रुपवरचा मेसेज ‘काळजी करू नका’ याच शब्दांनी सुरू करावा. काळजी करण्यासारखं काहीतरी आहे, हे आईला वेळेत कळतं.

‘सोमवारी मनालीहून चंद्रताल, सहाला पोचून फोन करते’ हेही उत्तम. चंद्रतालच्या तंबूत मोबाइलला रेंज नसते, हे मात्र लिहू नये. सव्वासहाला आई देव पाण्यात ठेवते, साडेसहाला काका ओळखीचा पोलीस शोधू लागतात; कुटुंब एकत्र येतं.

काही आगाऊ मुली लिहितात: ‘ग्रांफूनंतर रेंज नाही. मंगळवारी संध्याकाळी काझाला पोचेन. रात्री नऊपर्यंत फोन आला नाही, तरच होमस्टेला फोन करा. नंबर आणि गाडीचा नंबर खाली दिलाय.’ असा मेसेज वाचून माणसं चक्क झोपतात. या बेपर्वाईला आळा घालण्यासाठी कुंझुम खिंडीच्या प्रत्येक वळणावर सेल्फी सक्तीची करावी, ही बाबांची सूचना स्वागतार्ह आहे. ती मान्य असल्याचं त्यांना तातडीने कळवायचं होतं. पण ते सकाळीच मंडईत गेलेत आणि फोन घरी चार्जिंगला आहे.