दोन मिनिटांचे आभार

आमच्या विमा कार्यालयात साहेब, एक मॅडम, एक शिपाई, एक प्रिंटर आणि मी असे पाच जण आहोत. कामाच्या मानाने माझा नंबर प्रिंटरनंतर लागतो. २०२५च्या जानेवारीत साहेबांनी ग्राहक स्नेहमेळावा घेतला. स्वागत साहेब करणार होते आणि सूत्रसंचालन मॅडम. शिपायाकडे बटाटेवडे होते. प्रिंटरला बोलता येत नसल्यामुळे आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं.

"दोन मिनिटं," साहेब म्हणाले. "पाहुणे, अध्यक्ष, हॉलवाले, माइकवाला, वडेवाला आणि सगळे ग्राहक. संपलं. लोकांना वड्याचा वास आलेला असतो."

एवढं साधं काम मला अपमानास्पद वाटलं. एजंटचा परवाना मिळून अडीच महिने झाले होते आणि विम्यातलं सगळं कळतं असं माझं मत होतं. 'सगळे ग्राहक' म्हणून मोकळं व्हायचं? त्यापेक्षा वर्षानुवर्षं नेमाने हप्ते भरणाऱ्या दहा जणांची नावं घ्यायची, एकेकाला उभं करून गुलाब द्यायचा, लोक टाळ्या वाजवतील आणि त्यातल्या काही माझ्यासाठी असतील, असा बेत मी ठरवला. फुलांचे पैसेही मीच घातले. फुलाच्या पुढे जाणं शक्य नव्हतं. आमच्या गावात अजूनही 'हप्त्यातले थोडे परत द्या की' असं हक्काने मागतात, पण १९३८च्या विमा कायद्याचं ४१वं कलम हप्त्यात सूट द्यायला किंवा कमिशनचा वाटा ग्राहकाला द्यायला मनाई करतं. गुलाब मात्र कुठल्या कलमात बसत नाही.

मॅडमना म्हटलं, "जुन्या ग्राहकांची यादी काढून ठेवा." त्यांनी काढली. संध्याकाळी घाईघाईत मी प्रिंटरच्या ट्रेमधून कागद उचलला. त्यावर नाव, पॉलिसी नंबर, हप्त्याची रक्कम आणि शेवटी एक तारीख असे चार रकाने होते. वर मथळा नव्हता, कारण ते दुसरं पान होतं. पहिलं पान मथळ्यासकट साहेबांच्या टेबलावर गेलं होतं. मथळा होता: 'बंद पडलेल्या पॉलिसी'. सोमवारी फोन करण्यासाठी साहेबांनी ती यादी काढायला सांगितली होती. मला हवी असलेली यादी तिच्याखाली ट्रेमध्ये शांतपणे पडून होती.

राहिला तो तारखेचा रकाना. आमच्या धंद्यात त्याला एफयूपी म्हणतात, म्हणजे न भरलेल्या पहिल्या हप्त्याची तारीख. परीक्षेत मी हे बरोबर लिहिलं होतं. स्टेजवर डोळ्यांत दिवे आणि हातात दहा गुलाब असताना मला ती ग्राहक झाल्याची तारीख वाटली.

सुरुवात उत्तम झाली. पाहुण्यांचे, अध्यक्षांचे, हॉलवाल्यांचे आभार मानले. माइकवाल्याचं नाव घेतल्यावर त्याने खूश होऊन आवाज वाढवला, हे पुढे फार महागात पडलं. मग मी कागद उघडला.

"आता ज्यांच्या सातत्यामुळे हे कार्यालय उभं आहे, त्यांचे आभार!" असं म्हणून मी गावातल्या एका कापड दुकानदारांचं नाव पुकारलं. नावं इथे देत नाही. एकदा दिली ती पुरे. "ऑगस्ट २०२२पासून आपली साथ आहे. या काळात आपण आमच्यावर जो विश्वास दाखवलात..." दुकानदार उठले. या काळात त्यांनी आम्हाला एक रुपयाही दाखवला नव्हता. त्यांनी गुलाब घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की तो नम्रपणा आहे असं मला वाटलं.

दुसरे निवृत्त गुरुजी. ते जागेवरूनच म्हणाले, "अहो, माझं नाव नसेल." मी म्हणालो, "हाच तुमचा मोठेपणा, गुरुजी." टाळ्या पडल्या. साहेब पहिल्या रांगेतून हाताने काहीतरी खुणावत होते. मला वाटलं, अजून बोल म्हणतायत.

तिसरा ट्रॅक्स चालवणारा. "मार्च २०२३पासून नियमित," मी म्हणालो. त्याच्या शेजारी त्याची बायको बसली होती. तिने वाढवलेल्या आवाजालाही ऐकू जाईल अशा स्वरात विचारलं, "तवापासून? पॉलिसी तर २०२०ला काढली नव्हं?"

त्या क्षणी एफयूपी म्हणजे काय ते मला पुन्हा आठवलं. हातात सात गुलाब शिल्लक होते. "आपले आभार मानून परके करण्यापेक्षा मी आपल्या ऋणात राहणं पसंत करतो," म्हणून मी खाली उतरलो. मागून गुरुजींचा आवाज आला, "ऋणात कोण आहे ते कळलं सगळ्यांना."

एखाद्याची पॉलिसी चालू आहे की बंद, हे चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. घरातल्या माणसांतसुद्धा नाही. साहेब त्या रात्री मला ओरडले नाहीत. त्यांनी स्वतः गुलाब घेतलेल्या तिन्ही घरी जाऊन माफी मागितली. मला बरोबर नेलं, पण बोलू दिलं नाही.

सोमवारी ट्रॅक्सवाला बायकोला घेऊन आला, खरं तर तिने त्याला आणला होता. पॉलिसी चार लाखांची, वीस वर्षं हप्ता, वर्षाला १८,४००. २०२०, २१ आणि २२चे तीन हप्ते भरले होते. मार्च २०२३चा राहिला, तीस दिवसांची सवलतीची मुदत गेली आणि पुढच्या वर्षीचाही राहिला.

"म्हंजे चार लाख गेलं?" तिने विचारलं.

साहेबांनी कॅलक्युलेटर माझ्याकडे सरकवला. तीन हप्ते भरल्यामुळे पॉलिसी शून्यावर आली नव्हती, पण वीसपैकी तीनच भरले म्हणून विमाही वीसातला तीन भाग उरला होता. चार लाखांचे साठ हजार. तो रोज घाटात गाडी चालवत होता आणि ती घरी चार लाखांच्या भरवशावर झोपत होती.

पुन्हा चालू करायला दोन हप्त्यांचे ३६,८०० आणि वर व्याज लागणार होतं, शिवाय तब्येतीचा फॉर्म. तो भरताना ट्रॅक्सवाला घुटमळला. मधल्या काळात साखरेची गोळी सुरू झाली होती. "लिहायलाच पाहिजे का?" साहेब म्हणाले, "लिहाच. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला ती खोटी ठरवता येत नाही. पण तुमची तीन वर्षं आता ज्या दिवशी ती पुन्हा चालू होईल, त्या दिवसापासून परत मोजली जाणार. आज लपवलंत तर उद्या क्लेमच्या वेळी ताई त्या खुर्चीत एकट्याच बसलेल्या असतील." त्याने लिहिलं. बायकोने पिशवीतून गुलाब काढून माझ्या टेबलावर ठेवला. वाळला होता.

त्या संध्याकाळी दुसऱ्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. एकवीस वर्षं एसटीने येऊन रुमालाच्या गाठीतून हप्ता भरतात, एकदाही चुकलेल्या नाहीत. खऱ्या यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं. फेब्रुवारीत त्या आल्या. मी पुढे होऊन खुर्ची दिली, पाणी दिलं, पावती स्वतः हातात दिली. आजींनी ती घडी करून रुमालात बांधली आणि जरा पुढे वाकून हळूच विचारलं,

"आन् त्ये गुलाबाचं फूल पायजे आसंल, तर किती हप्तं थकवायला लागत्यात रं?"