ट्रॉली आणि एकवीस पायऱ्या

जव्हारच्या एका हॉटेलात पावसाळ्यात उतरलो होतो. फोनवर चहा-भजी सांगितली. पलीकडून "आलोच, पंधरा मिनिटं!" असं म्हणून फोन आपटला गेला. खोली कोणती, माणसं किती, चहा बिनसाखरेचा का, काही विचारणं नाही. ऑर्डर परत वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागतं, ते वाचवलं.

ही पंधरा मिनिटं सुरू कधी होतात? पाहुण्याच्या लेखी फोन ठेवल्यापासून, आचाऱ्याच्या लेखी चिठ्ठी हाती आल्यापासून, वेटरच्या लेखी ट्रे उचलल्यापासून. तिघंही वेळेवर. गार झाला तो चहा.

ट्रे आला, चमचा आला नाही. चहा उकळत असतानाच कप, साखर, चमचा, नॅपकिन मांडून ठेवायचे आणि गरम पदार्थ शेवटी चढवायचा, एवढंच शास्त्र. आमची खोली उतारावर, एकवीस पायऱ्या वर. चमच्यासाठी बिचाऱ्याला बेचाळीस पायऱ्यांचा दंड.

ट्रॉलीही होती हो! पायऱ्यांखाली, टॉवेल वाळत घातलेली. मुंबईच्या गुळगुळीत कॉरिडॉरसाठी जन्मलेली ती. जव्हारच्या डोंगराने तिला थेट निवृत्त केलं.

उष्टा ट्रे न्यायला मात्र कुणी फिरकेना. दिल्याची वेळ वहीत मांडली, तर तासाभराने फोन करून उचलता येतो. वहीच नव्हती. सकाळी दाराबाहेर पाहिलं, तर कावळ्यांनी काम बरंच उरकलं होतं. मुंग्या तेवढ्या उशिरा आल्या.